वॅगन व्हीलवर पॉईंटचा कट कव्हरला दिसतोय? आधी कॅलिब्रेशनचे चार पॉईंट कुठे घेतले ते बघा

हा प्रॉब्लेम मला जवळपास अख्खा सीझन पुरला म्हणून सगळं सविस्तर लिहितोय, जो कोणी गावच्या मॅचेस मोबाईलवर शूट करून बॅट्समनचे शॉट कुठे जातात ते काढत असेल त्याला कधी ना कधी हे येणारच.

आधी आमचा सेटअप सांगतो. जळगाव जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव, ग्राउंडच्या एका टोकाला दोन मजली बिल्डिंग आहे, तिच्या गच्चीवर ट्रायपॉड लावून मोबाईल १०८०पी वर चालू करून द्यायचा. कॅमेरा जमिनीपासून साधारण ८ मीटर वर, जवळचे स्टंप ६० मीटरवर, पलीकडचे ८० मीटरवर, बरोबर बॉलरच्या मागच्या लाईनीत. रात्री लॅपटॉपवर एकेक बॉल थांबवून बघतो, बॉल जिथे अडवला तिथे एक क्लिक, बॅट्समनच्या दोन्ही घोट्यांवर एकेक क्लिक, आणि मग होमोग्राफी, म्हणजे जमिनीवरचे माप माहीत असलेले पॉईंट स्क्रीनवरच्या पॉईंटशी जुळवायचं गणित, लावून पिक्सेलचे मीटर करतो. सगळं ऑटोमॅटिक करायच्या भानगडीत पडलो नाही, ३० फ्रेमच्या व्हिडिओत तो बॉल बऱ्याच वेळा दिसतच नाही, हाताने क्लिक केलेलं परवडतं.

तर झालं असं की आमच्या ओपनरला त्याचं वॅगन व्हील दाखवलं, त्यात कव्हरला नऊ रेघा आणि पॉईंटला जवळजवळ काहीच नाही. तो बघून म्हणतो, "भो, मी तं पॉईंटले कट मारेल व्हता, हाई कव्हरले कसं दखाडस?" मला वाटलं गडी उगाच बोलतोय, सगळ्यांनाच आपण मारलेले शॉट वेगळे आठवतात. पण व्हिडिओ काढून बघितला तर तो खरं बोलत होता, बॉल सरळ पॉईंटच्या फिल्डरकडे गेलेला, आणि माझ्या चित्रात तो फिल्डर आठ-दहा मीटर पुढे सरकलेला.

मजा म्हणजे लेगसाईडला उलटं होतं. स्क्वेअर लेगला मारलेले बॉल चित्रात मागे, फाईन लेगकडे सरकलेले. म्हणजे ऑफला सगळं पुढे, लेगला सगळं मागे, जसं काही कोणी अख्खं ग्राउंड पिचभोवती थोडं फिरवून ठेवलंय. तुमच्याकडे असं दिसत असेल तर पुढे वाचा, कारण ही खूण अगदी पक्की आहे.

मला दोन महिने फसवलं ते एका गोष्टीने. बॅट्समन स्टंपच्या किती आत किती बाहेर उभा राहतो, बॉल पडायच्या आधी ऑफकडे किती सरकतो, हे आकडे त्याच कॅलिब्रेशनवर एकदम बरोबर येत होते. नेट्समध्ये टेप लावून पडताळले होते मी. मग मनात पक्कं बसलं की कॅलिब्रेशन ठीक आहे, गडबड क्लिक करण्यात असणार. आणि त्यात भर म्हणजे प्रोग्राम सांगत होता एरर शून्य.

इथेच सगळी मेख आहे. होमोग्राफीला कमीत कमी चार पॉईंट लागतात, आणि बरोबर चारच दिले तर ती त्या चारांतून अचूक जाणारच, मग तुम्ही एक पॉईंट चुकून अंपायरच्या टोपीवर क्लिक केला तरी एरर शून्यच येणार. चार पॉईंटवरचा शून्य एरर म्हणजे स्वतःचा पेपर स्वतःच तपासण्यासारखं. त्यावर हुरळून जाऊ नका, मी गेलो होतो.

आता चार पॉईंट मी कुठले घेत होतो? दोन्ही बाजूच्या बॉलिंग क्रीजची टोकं. सगळे हेच घेतात कारण मापं ठरलेली आहेत, पिच २०.१२ मीटर, बॉलिंग क्रीज २.६४ मीटर, टेप काढायचीच गरज नाही. पण माझ्या कॅमेऱ्यातून पलीकडची क्रीज दिसते केवढी, तर ४७ पिक्सेल. आणि ती फक्कीची रेघ असते, दहा ओव्हरनंतर बॅट्समनच्या बुटांनी पुसून पसरलेली, तिचं टोक नेमकं कुठे यात एक पिक्सेल इकडे तिकडे होतोच, कितीही झूम करून क्लिक करा.

हा एक पिक्सेल किती महागात पडतो बघा. समजा डावीकडचं टोक मी एक पिक्सेल वर क्लिक केलं. क्रीजची रेघ ४७ पिक्सेलमागे एक पिक्सेल तिरकी झाली. क्रीजवर त्याने काही फरक पडत नाही. पण पॉईंटला ५० मीटरवर बॉल अडवला तर ती जागा स्क्रीनवर मधल्या स्टंपपासून जवळजवळ ८९० पिक्सेल लांब आहे, आणि तीच तिरकी रेघ तिथपर्यंत वाढवली तर १९ पिक्सेल वर जाते. आणि त्या अंतरावर उभ्या दिशेने एक पिक्सेल म्हणजे अर्ध्या मीटरपेक्षा जास्त जमीन. हिशोब केला तर खरा पॉईंटचा बॉल साधारण ९ मीटर पुढे, म्हणजे कव्हरकडे दिसतो, आणि लेगला तेवढ्याच लांबचा बॉल १२-१३ मीटर मागे. कोनात बोललो तर दहा ते चौदा अंश. पॉईंटचा कव्हर पॉईंट व्हायला एवढं पुरतं.

म्हणजे क्लिक चुकत नव्हती, पाया अरुंद होता. शेताचा बांध आखताना दोन खुंट्या हातभर अंतरावर ठोकून दोरी शंभर मीटर पुढे नेली तर ती शेजारच्या वावरात जाणारच, तसंच हे.

उपाय एकच, पॉईंट लांब लांब घ्या. पण लांबच्या पॉईंटचं खरं माप माहीत पाहिजे, आणि ग्राउंडवर काटकोन काढणं म्हणजे डोकेदुखी. मी आधी ३-४-५ वाला गुण्या लावून स्टंपपासून आडवी लाईन काढायचा प्रयत्न केला, पण छोटा गुण्या लावून २७ मीटर पुढे गेलं की तीच चूक परत मोठी होते. मग सोपी युक्ती सापडली, काटकोन लागतच नाही. दोन्ही बाजूच्या मधल्या स्टंपपासून टेप धरायची, दोन्हीकडून २७.४३ मीटर (म्हणजे तीस यार्ड, सर्कलचंच माप) जिथे जुळतं तिथे फक्कीचा ठिपका. ही जागा पिचच्या मध्यातून बरोबर आडवी २५.५२ मीटरवर येते. असाच दुसऱ्या बाजूला एक. आता दोन पॉईंट एकमेकांपासून ५१ मीटर लांब झाले, २.६४ च्या जागी. शिवाय सरळ लाईनीत दोन्ही स्टंपच्या मागे २७.४३ मीटरवर एकेक ठिपका, दोन्ही स्टंप एका रेषेत दिसतील असं मागून डोळा लावून. क्रीजचे चार आणि हे चार, असे आठ झाले.

दोन माणसं आणि तीस मीटरची टेप असली की पंधरा मिनिटांचं काम आहे. टेप नव्हती तेव्हा आम्ही एकदा ठिबकची नळी मापून कापून वापरली होती, म्हटलं गावात काय कमी आहे का नळीची. ती एप्रिलच्या उन्हात अशी मऊ होऊन ताणली गेली की एका बाजूचा ठिपका अर्धा मीटर लांब पडला. टेपच वापरा, फायबरची चालते. आणि नुसता फक्कीचा ठिपका वरून दिसत नाही, त्यावर पहिल्या ओव्हरच्या आधी मिनिटभर पांढरा कोन किंवा टोपी ठेवून शूट करून घ्या, मग उचला. कोनाच्या बुडावर क्लिक करायचं, टोकावर नाही. टोक हवेत असतं, जमिनीवर नाही, ही भानगड पुढे परत येणार आहे.

जवळच्या क्रीजचा मधला स्टंप शून्य धरला तर जमिनीवरचे आठ पॉईंट मीटरमध्ये असे होतात, क्रीजचे (±१.३२, ०) आणि (±१.३२, २०.१२), आडवे (±२५.५२, १०.०६), सरळ (०, −२७.४३) आणि (०, ४७.५५). ते `gnd` मध्ये, आणि स्क्रीनवर क्लिक केलेले त्याच क्रमाने `img` मध्ये, दोन्ही `float32`. मग:

```python
H, _ = cv2.findHomography(img, gnd, 0)
back = cv2.perspectiveTransform(
    gnd.reshape(-1, 1, 2), np.linalg.inv(H))
print(np.linalg.norm(back.reshape(-1, 2) - img, axis=1).round(1))
```

हे आठ आकडे म्हणजे प्रत्येक पॉईंट किती पिक्सेल चुकला ते. आता शून्य येणार नाही आणि येऊ पण नये. सगळे दोनच्या आत असतील तर पुढे जा. एखादाच सहा-सात दाखवत असेल तर तो ठिपका टेपने परत मोजा, किंवा क्लिकचा क्रम चुकलाय का बघा. आणि सगळेच चार-पाच दाखवत असतील तर बहुतेक तुम्ही ०.५ वाल्या वाईड लेन्सवर शूट केलंय, ती लेन्स कडेला सरळ रेघा वाकवते, होमोग्राफी फक्त सरळ रेघांना ओळखते. ओळखायचं कसं, तर फ्रेमच्या कडेला असलेली कंपाऊंडची भिंत किंवा साईडस्क्रीनची वरची कड बघा, धनुष्यासारखी दिसते का. मेन लेन्स वापरा, जरा कमी दिसलं तरी चालेल.

मॅच होऊन गेली असेल आणि ठिपके घातलेच नसतील तरी सगळं वाया नाही. ग्राउंडवर जे हलत नाही ते शोधा, लाईटच्या खांबाचा बुडखा, गेटच्या पिलरचा पाया, कंपाऊंडचा कोपरा. दुसऱ्या दिवशी जाऊन दोन्ही मधल्या स्टंपच्या जागेपासून त्यांचं अंतर मोजा, दोन अंतरं मिळाली की जागा पक्की होते. फक्त ते बूड पिचच्या लेव्हललाच असलं पाहिजे. आमच्याकडे एक खांब मातीच्या भरावावर आहे, तो घेतला की बाकीचे सात पॉईंट पण बिघडतात.

ओपनरची तीच इनिंग मी असे खांब-पिलर मोजून परत काढली. कव्हरच्या नऊ रेघांपैकी सात पॉईंट आणि बॅकवर्ड पॉईंटला गेल्या, दोन खरोखर कव्हरच्या निघाल्या. त्याने काही बोललं नाही, फक्त फोटो ग्रुपवर टाकला.

एवढं करूनही पहिल्या दहा ओव्हर बरोबर आणि पुढे हळूहळू बिघडतंय असं होत असेल तर कॅमेरा हललाय. तपासायला सोपं आहे, तेच आठ पॉईंट पहिल्या, दहाव्या आणि शेवटच्या ओव्हरच्या फ्रेमवर काढा, क्रीजवर बसतात का बघा. आमचा ट्रायपॉड स्वस्तातला, त्याची मान उन्हात ढिली पडून मोबाईलच्या वजनाने हळूहळू खाली झुकते, डोळ्याला कळत पण नाही. कॅमेरा डावी-उजवीकडे तीन पिक्सेल सरकला तर स्टंपजवळ १७ सेंटीमीटरचा फरक, सोडून द्या. पण खाली झुकून तीन पिक्सेल फरक पडला तर पलीकडच्या स्टंपजवळ पावणेदोन मीटर आणि त्यामागच्या सरळ बाऊंड्रीवर चार मीटर. खूण अशी की इनिंगच्या शेवटी शेवटी सगळेच शॉट कॅमेऱ्यापासून लांब सरकायला लागतात. मानेचा स्क्रू पक्कडीने आवळा, खाली विटांची पिशवी लटकवा, मोबाईलचं स्टॅबिलायझेशन बंद करा कारण ते फ्रेम स्वतःच इकडे तिकडे सरकवतं. आणि मधे मोबाईल तापून बंद पडला (मे महिन्यात आमच्याकडे पडतोच, गच्चीवर तर तवाच असतो) आणि परत लावला तर कॅलिब्रेशन नव्याने, जुनं चालणार नाही, कितीही त्याच जागी ठेवला असं वाटलं तरी.

उंच मारलेल्या बॉलचं वेगळं आहे. होमोग्राफीला फक्त जमीन कळते. बॉल हवेत असताना क्लिक केला तर ती समजते की बॉल जमिनीवरच आहे पण लांब कुठेतरी. किती लांब, तर कॅमेऱ्यापासूनचं खरं अंतर × ८ भागिले (८ वजा बॉलची उंची). ८० मीटरवर ४ मीटर उंच बॉल १६० मीटरवर दिसतो. आणि बॉल कॅमेऱ्याच्या ८ मीटर उंचीच्या वर गेला की गणित उलटतं आणि तो कॅमेऱ्याच्या मागे, बिल्डिंगच्या पलीकडे पडलेला दाखवतो. मी एकदा मिडविकेटचा सिक्स चक्क बिल्डिंगमागच्या रस्त्यावर प्लॉट केला होता. तुमच्या वॅगन व्हीलमध्ये एखादी रेघ भलतीकडेच गेली असेल तर आधी हे तपासा. इलाज एवढाच की हवेतल्या बॉलवर क्लिकच करायचं नाही, पहिला टप्पा पडला तिथे किंवा ज्याने अडवला त्याच्या पायाशी करायचं. सिक्सला बॉल रोपच्या बाहेर जिथे जमिनीवर पडला ती जागा दिसली तर ती, नाही दिसली तर नुसती दिशा लिहा आणि अंतराचा कॉलम रिकामा ठेवा.

ओव्हर संपली की एंड बदलतो पण कॅमेरा तिथेच असतो, हे पण विसरू नका. बॅट्समन जवळच्या टोकाला असताना ते निर्देशांक पिचच्या मध्याभोवती १८० अंश फिरवा, म्हणजे x चा −x आणि y चा २०.१२ − y. नाहीतर निम्म्या ओव्हर्सचे कट लेगसाईडला जातात. लेफ्टीला त्यानंतर x परत उलटा. ओव्हरच्या शीटमध्ये एंडचा कॉलम ठेवला की विषय मिटतो.

राहिली बॅट्समनची हालचाल. आधी म्हटलं तसं आडवी हालचाल या कॅमेऱ्यात चांगली मिळते, पलीकडच्या क्रीजवर एक पिक्सेल म्हणजे साडेपाच सेंटीमीटर. आमचा ओपनर बॉल सुटायच्या आधी ऑफकडे २५-३० सेंटीमीटर सरकतो, म्हणजे पाच पिक्सेल, ते दहा-बारा बॉलची सरासरी घेतली की स्पष्ट दिसतं. पण पुढे किती आला, मागे किती गेला, हे या कॅमेऱ्यातून काढू नका. उभ्या दिशेने तिथे एक पिक्सेल ५६ सेंटीमीटरचा आहे, अख्खा फ्रंटफूट दोन पिक्सेलमध्ये संपतो. मी काढलं होतं आणि एका बॉलला त्याचा पाय सव्वा मीटर पुढे आलेला, पुढच्याच बॉलला मागे गेलेला, दोन्ही एकसारखेच ड्राईव्ह. त्याला टेक्निकमध्ये गडबड आहे म्हणून सांगितलं पण, लाज वाटते आता.

त्यासाठी दुसरा मोबाईल स्क्वेअर लेगला, पॉपिंग क्रीजच्या बरोबर लाईनीत. ६० मीटरवरून तिथे एक पिक्सेल सव्वाचार सेंटीमीटरचा पडतो, नव्वद सेंटीमीटरचं पाऊल २१ पिक्सेल दिसतं, मोजता येतं. इथे होमोग्राफी पण लागत नाही, पॉपिंग क्रीज ते स्टंप १.२२ मीटर आहे तीच पट्टी धरून मोजा. फक्त हा मोबाईल एकाच एंडच्या लाईनीत असतो, त्यामुळे एक सोडून एक ओव्हरच मिळते. आम्ही बॅट्समन गच्चीपासून लांबच्या टोकाला असतो त्या एंडला तो लावतो, म्हणजे त्याच बॉलचा आडवा आणि पुढचा दोन्ही आकडा मिळतो. जवळच्या टोकाला असला की तसाही कीपर मधे येतो आणि पाय दिसत नाहीत.

गच्ची नसेल, कॅमेरा चार मीटरवरच असेल, तर अंपायर बॅट्समनच्या पायांवर येतो, घोट्यांचा क्लिक करता येत नाही. आठ मीटरवरून नजर अंपायरच्या डोक्यावरून जाते म्हणून आमचं जमतं. अशा ठिकाणी कॅमेरा बॉलरच्या लाईनीतून पाच-सहा मीटर बाजूला सरकवा, आठ पॉईंट घेतलेले असतील तर होमोग्राफीला त्याने काही फरक पडत नाही.